नेकलाइन तुटली, पण तळ शाबूत आहे

प्रश्न: माझ्याकडे एकाच कंपनीचे १,२०० शेअर आहेत, सरासरी ३१० ने घेतलेले. वीकली चार्टवर तेजी पलटण्याची खूण मानला जाणारा हेड अँड शोल्डर्स पॅटर्न स्वच्छ दिसतोय: डावा खांदा ४८८, डोकं ५४८, उजवा खांदा ४९७. मधले तळ ४३२ आणि ४५०. या आठवड्यात भाव ४६० ला बंद झाला आणि या दोन तळांना जोडणारी नेकलाइन तुटली. माझ्या हिशोबाने टार्गेट ३३४ येतं. सगळे विकून ३३४ ला परत घ्यावेत का? १४ महिन्यांनी मुलीच्या फीसाठी तीन लाख लागणार आहेत.

उत्तर: आधी तुमचं ३३४ तपासू, कारण सगळा बेत त्याच आकड्यावर उभा आहे. तुम्ही डोक्यातून डावा तळ वजा केलात, ११६ आले, आणि ते उजव्या तळातून वजा केलेत. नेकलाइन आडवी असती तर हे चाललं असतं. तुमची नेकलाइन चढती आहे, त्यामुळे उंची डोक्याच्या बरोबर खाली मोजायची आणि ती वजा करायची ती भावाने रेषा जिथे ओलांडली तिथून.

तुम्ही पाठवलेल्या चार्टवर पहिला तळ सहाव्या आठवड्यात आहे आणि दुसरा पंधराव्या. नऊ आठवड्यांत रेषा १८ ने चढली, म्हणजे आठवड्याला २. डोकं अकराव्या आठवड्यात आहे, तिथे रेषा ४४२ वर येते. ५४८ वजा ४४२, उंची १०६. आता बाविसावा आठवडा चालू आहे आणि रेषा ४६४ वर पोचली आहे. ४६४ मधून १०६ गेले की टार्गेट ३५८. तुमच्या आकड्यात आणि यात २४ चा फरक आहे. ३३४ ची ऑर्डर लावून बसलात, तर पॅटर्नने आपलं काम पूर्ण केलं तरी तुमची खरेदी होणार नाही.

पण मला जास्त खटकतंय ते दुसरंच. रेषा ४६४ ला तुटली, आणि शेवटचा तळ आहे ४५० ला. म्हणजे नेकलाइन तुटूनसुद्धा भाव मागच्या तळाच्या वरच आहे. वरचा तळ, त्यावर वरचा तळ ही चढाची साखळी अजून मोडलेली नाही. चढत्या नेकलाइनचा हा स्वभावच आहे: ती इशारा लवकर देते, म्हणून तो कच्चा असतो. उतरत्या नेकलाइनचं उलट. तुमचेच तळ अदलाबदल करून पाहा, आधी ४५० आणि मग ४३२. आज रेषा ४१८ वर असती. ती तुटेपर्यंत तळाची साखळी कधीच मोडलेली असती, पण उजव्या खांद्यावरून ७९ ची घसरण तुम्ही आधीच सोसलेली असती. पक्की खात्री हवी तर किंमत मोजावी लागते, लवकर इशारा हवा तर फसवणूक चालवून घ्यावी लागते.

यावर जुना नियम असा की रेषेच्या किमान ३ टक्के खाली बंद भाव मिळेपर्यंत ब्रेक मानायचा नाही. ४६४ चे ३ टक्के जवळजवळ १४, म्हणजे ४५०. तुमच्या बाबतीत हा नियम आणि शेवटचा तळ नेमके एकाच आकड्यावर येतात. तुमचा ब्रेक सध्या ४ अंकांचा आहे, एक टक्काही नाही. मी स्वतः एकदा अशाच चढत्या रेषेवर, असाच इवलासा ब्रेक बघून शुक्रवारी सगळं विकलं होतं. पुढच्या पंधरवड्यात भाव उजव्या खांद्याच्या वर गेला आणि मी तो नुसता बघत बसलो.

आणखी एक खूण तुमच्या विरुद्ध जाते. या पॅटर्नमध्ये व्हॉल्यूम साधारण डाव्या खांद्यावर भरपूर आणि उजव्यावर आटलेला असतो, कारण शेवटच्या उसळीत खरेदीदार उरलेले नसतात. तुमच्या चार्टवर उजव्या खांद्याचा व्हॉल्यूम डाव्यापेक्षा मोठा आहे. म्हणजे खरेदीदार अजून थकलेले नाहीत. बाजूने मात्र एक गोष्ट आहे: या आकृतीच्या आधी ३३० पासूनची तेजी आहे. पलटायला काहीतरी असावं लागतं. तीच तेजी ४२० पासून सुरू झाली असती, तर ३५८ हे टार्गेट मी मनावरच घेतलं नसतं.

एकूण या पॅटर्नवर किती भरवसा ठेवावा? न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने १९९५ मध्ये काढलेल्या ऑस्लर आणि चँग यांच्या अभ्यासात सहा चलनांवर हा पॅटर्न तपासला होता. नफा दिसला तो फक्त जर्मन मार्क आणि येनमध्ये, आणि तिथेही साधे ट्रेंडचे नियम याच्यापेक्षा सरस ठरले.

आता पैशाचं. फीचे तीन लाख हा चार्टचा प्रश्नच नाही. १४ महिन्यांत लागणारी रक्कम एका शेअरमध्ये ठेवू नये, मग आकृती कुठलीही असो. ७०० शेअर आता विका. ४६० ने ३,२२,००० येतील, कर आणि खर्च जाऊन तीन लाखांच्या आसपास उरतील. ते मुदत ठेवीत टाका आणि विसरून जा.

उरलेल्या ५०० शेअरांपुरतं पॅटर्नचं ऐका. आठवड्याचा बंद भाव ४५० च्या खाली गेला तर विका. ४९७ च्या वर बंद झाला तर आकृती फसली असं समजा आणि तिचं नाव काढू नका. अशा फसलेल्या आकृतीनंतर मंदीवाले घाईने सौदे कापतात आणि भाव पटकन वर पळतो, म्हणून तिथे हट्ट महागात पडतो. मधल्या पट्ट्यात काहीही करू नका. भाव वर येऊन नेकलाइनला खालून टेकणं अगदी नेहमीचं आहे. ती रेषा दर आठवड्याला २ ने चढतेय हे लक्षात ठेवा. चार आठवड्यांनी ती ४७२ वर असेल, तेव्हा ४७० चा भाव डोळ्यांना उसळी वाटेल, पण तो रेषेखालीच असेल.

‘विकून परत घेऊ’ या भागाचाही हिशोब करून ठेवा. ५०० शेअर ४४८ ला विकले आणि खरंच ३५८ ला घेतले, तर ४५,००० वाचतात. पॅटर्न फसून ५०० ला परत घ्यावे लागले, तर २६,००० जातात. नुसत्या गणिताने दर १०० वेळांपैकी साधारण ३७ वेळा टार्गेट आलं तरी बरोबरी होते, म्हणजे सौदा वाईट नाही. पण विक्रीवरचा कर वाचलेल्या रकमेतून जाईल. शिवाय भाव ३९० पर्यंत येऊन तिथूनच वळू शकतो, आणि ३५८ ची वाट बघणारा माणूस मग ४५० लाही घेत नाही, कारण ‘३९० ला मिळत होता’ हे मनातून जात नाही. म्हणून ४५० खाली विकलेत तर परत घ्यायचे दोन टप्पे आजच ठरवा: २५० शेअर ३९५ च्या आसपास, उरलेले २५० शेअर ३६० ला. आणि भाव तिथे न येता ४९७ च्या वर बंद झाला, तर हे पैसे याच शेअरमध्ये परत घालायची काहीच गरज नाही. बाराशेच्या बाराशे शेअर एकाच कंपनीत ही गोष्ट तशीही मला नेकलाइनपेक्षा जास्त काळजीची वाटते.