नोटीसचा प्रश्न मुलीला विचारू द्या

मुलगी हिंजवडीत अडीच वर्षं नोकरी करते. खराडीच्या एका कंपनीत तिची निवड झाली आहे. फोनवर पगारही ठरला, पत्र अजून यायचं आहे. त्यांना ती दीड महिन्यात हवी आणि तिची नोटीस ९० दिवसांची. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटायचं, असं ‘बायआउट’ करता येतं म्हणतात, पण नव्या कंपनीकडे पैसे मागितले तर ऑफर जाईल अशी मला भीती वाटते. एफडी मोडून मीच भरतो, असं मी तिला म्हटलं. नाहीतर नोटीस ३० दिवसांचीच आहे असं तिने नव्या कंपनीला सांगून मोकळं व्हावं. मी स्वतः त्यांच्या एचआरशी बोललो तर चालेल का?
— एक वडील, चिंचवड

नमस्कार.

फोन करू नका. पगार आणि रुजू होण्याची बोलणी एचआरची मंडळी उमेदवाराशीच करतात. वडिलांचा फोन आला की ‘हिला स्वतःचं बोलता येत नाही’ एवढंच त्यांच्या लक्षात राहतं.

तुमच्या पत्रातली मला खरी खटकलेली गोष्ट एफडी आहे. किती रक्कम लागेल याचा हिशोब अजून कुणी केलेला नाही, आणि ती कुणी भरायची हे कुणी विचारलेलंही नाही. त्याआधीच तुम्ही पैसे काढायला निघालात. यामागे माया आहे हे मला दिसतं. पण मुलीला यातून कळतं ते असं की कंपनीकडे काही मागणं धोक्याचं असतं आणि बाबा आहेत तोवर मागायची गरज नाही. कमावती मुलगी आहे ती. हा तिच्या नोकरीतला व्यवहार आहे, तो तिला करू द्या.

भीतीचं म्हणाल, तर आयटीत ९० दिवसांची नोटीस सर्रास असते. रिक्रूटर पहिल्याच फोनवर ती विचारतात. ज्यांना दीड महिन्यात माणूस हवा आहे, त्यांना बायआउटचे पैसे देता का या प्रश्नाचं नवल वाटत नाही. फार तर ते नाही म्हणतील.

३० दिवसांचं खोटं मात्र खरंच अंगाशी येईल. राजीनामा दिला की जुनी कंपनी शेवटचा दिवस लेखी कळवते, आणि नवी कंपनी तेच पत्र मागते. म्हणजे हे खोटं उघडं पडतं ते राजीनामा देऊन झाल्यावर. तेव्हा तिकडची ऑफर मागे घेतली गेली, तर इकडची खुर्चीही गेलेली असते.

आता एक गैरसमज, जो मला दर आठवड्याला कुणाच्या तरी पत्रात भेटतो: पैसे भरले की जुन्या कंपनीला सोडावंच लागतं. तसं नाही. तिचं नेमणूकपत्र काढून नोटीसचं कलम वाचा. काही पत्रांत ‘नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार’ असं साधं लिहिलेलं असतं. पण बऱ्याच पत्रांत पुढे जोडलेलं असतं की लवकर सोडायचं की नाही हे कंपनी ठरवेल. मग मॅनेजरने ‘प्रोजेक्ट संपेपर्यंत थांब’ म्हटलं, तर नवी कंपनी पैसे द्यायला तयार असूनही उपयोग नाही. परवानगी जुन्या कंपनीची आणि पैसे नव्या कंपनीचे, अशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि परवानगी मिळते की नाही हे राजीनामा दिल्याशिवाय नक्की कळत नाही. म्हणून रिक्रूटरला विचारताना दोन्ही शक्यता एकाच मेलमध्ये मांडायच्या.

त्याच कलमात रक्कम कशावर मोजायची तेही पाहा. समजा, तिचा महिन्याचा ग्रॉस पगार ६८,००० आहे आणि त्यात बेसिक ३०,०००. ती ४५ दिवस काम करणार आणि ४५ दिवस कमी पडणार. बेसिकवर मोजलं तर ४५,००० होतात, ग्रॉसवर मोजलं तर १,०२,०००. एका शब्दाने रक्कम दुपटीच्या वर जाते! शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करू देतात का, हेही विचारावं. १० दिवस वळते झाले तर ग्रॉसवरचा आकडा ७९,३३३ वर येतो.

हा आकडा हातात आला की मगच मेल. वेळ आत्ताचीच: पगार तोंडी ठरला आहे, पत्र निघालेलं नाही. पत्र स्वीकारल्यावर विचारलं तर त्यांना बदल करण्याचं कारण उरत नाही. मजकूर साधारण असा ठेवावा:

‘नमस्कार. माझी नोटीस ९० दिवसांची आहे. तुम्हाला मी ४५ दिवसांत रुजू व्हायला हवी आहे. माझ्या कंपनीने लवकर सोडायला परवानगी दिली, तर उरलेल्या दिवसांची अंदाजे १,०२,००० रुपयांची वसुली होईल. ही रक्कम आपली कंपनी देते का? देत असल्यास कमाल मर्यादा किती, ती कधी मिळते आणि त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतात, ते कृपया कळवा आणि ऑफर लेटरमध्ये नमूद करा. परवानगी न मिळाल्यास मी ९० दिवसांनी रुजू होऊ शकेन का, हेही कळवावं.’

यात विनवणी नाही आणि अटही नाही. ‘तुम्हाला ४५ दिवसांत हवी आहे’ हे वाक्य गाळू नका. घाई त्यांची आहे, म्हणून खर्चाचा विचार त्यांनी करावा, हे त्यातून न भांडता पोचतं. शेवटचं वाक्य तर सगळ्यात मोलाचं. जुन्या कंपनीने अडवलं तर तेच तिला वाचवेल.

मेल कुणाला जातो आहे तेही बघा. फोन करणारी व्यक्ती बाहेरच्या कन्सल्टन्सीची असेल, तर तिचा ‘हो, होऊन जाईल’ कंपनीला बांधील नसतो. उमेदवार रुजू झाला की कन्सल्टन्सीला पैसे मिळतात, त्यामुळे तिथून होकार पटकन येतो. कोथरूडचा एक मुलगा असाच तोंडी होकारावर विसंबला. ऑफर लेटरमध्ये बायआउटचा उल्लेखच नव्हता. जुन्या कंपनीने कापलेले ८०,००० त्याच्याच खिशातून गेले. हो आला, तर तो कंपनीच्या एचआरकडून मेलवर आणि मग ऑफर लेटरमध्ये यायला हवा. त्यानंतरच राजीनामा.

पैसे मिळतात ते बहुतेक वेळा आधी नाही. जुनी कंपनी अंतिम हिशोबातून रक्कम कापते, आणि हिशोब कमी पडला तर उरलेली भरायला सांगते. नवी कंपनी तो हिशोब पाहून, रुजू झाल्यावर पगारासोबत रक्कम देते. सहसा त्यावर टीडीएस कापला जातो. २० टक्क्यांचा स्लॅब असेल तर सेससह १,०२,००० मधले सुमारे २१,००० जातात. ‘कर कापून किती हातात येतील’ हे तिने विचारून ठेवावं. वर्षाच्या आत सोडल्यास रक्कम परत द्यावी लागेल असं कलमही अनेकदा असतं, ते सही करण्याआधी वाचावं.

मधल्या एक-दोन महिन्यांची ओढाताण झाली, तर तेवढ्यापुरते तुम्ही तिला उसने द्या. एफडी मोडण्याआधी मुलीला नेमणूकपत्र शोधायला सांगा. नोटीसच्या कलमात ‘बेसिक’ आहे की ‘ग्रॉस’, आणि कंपनीची परवानगी लागेल असं लिहिलंय का, एवढं तिने मला कळवावं. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या.