ताकाची कढी दर वेळी फुटते, गॅस किती ठेवू आणि किती वेळ उकळू?

ताक आंबट होतं म्हणून फुटली असं कुणी सांगत असेल तर आधी गॅस कुणी वाढवला ते विचारा. आमच्या घरात अकरा वर्षं हाच वाद चाललाय.

मंगळवार पेठेतल्या घरी पुतण्याचं बारसं होतं. मसालेभात, जिलेबी आणि पाच लिटर ताकाची कढी. बेसन थोड्या गार ताकात गुठळ्या मोडून कालवलेलं, मग सगळं एकत्र रवीनं घुसळून मंद गॅसवर मी ढवळत उभी. नुसती वाफ यायला लागली होती, कढी अजून पाण्यासारखीच होती, तेवढ्यात मला पाळण्यापाशी बोलावलं. थोरल्या जाऊबाईंनी पंगत बसायची म्हणून गॅस फुल्ल केला, वर झाकण ठेवलं आणि गेल्या पत्रावळ्या मोजायला. येऊन बघते तर वर हिरवट पाणी, खाली पनीरच्या चुऱ्यासारखे कण. रवी फिरवून बघितली, चार मिनिटं बरी दिसली, पण जिभेला रवाळ ती रवाळच. वर सगळ्यांसमोर, "अगं, ताकच खराब आणलंस तू!"

त्याच ताकातलं लिटरभर बाहेरच राहिलेलं, दुसऱ्या दिवशी आणखी आंबट. त्यात दोन मोठे चमचे बेसन, तेच प्रमाण, फक्त गॅस मंद ठेवला आणि डाव तळाला घासत दहा-बारा मिनिटं सोडलाच नाही. कढी डावाला धरायला लागली, कडेनं बुडबुडे आले. फुटली नाही.

कारण सोपं आहे, बेसन शिजून दाट झालं की ताकातल्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही, पण त्याआधीच मोठी आच लागली की बेसन कच्चं राहतं आणि ताक फाटतं. म्हणून पहिल्या उकळीपर्यंत हात थांबवायचा नाही. पुढं मंद गॅसवरच आठेक मिनिटं बारीक बुडबुड्यांवर ठेवा, अधूनमधून ढवळलं तरी चालतं. एक उकळी आली की उतरव म्हणणारे असतात (आमच्या जाऊबाईच), त्यांच्या कढीला कच्च्या बेसनाचा वास येतो. झाकण अजिबात नको. मीठ मी शेवटी घालते, तुपातली जिरं, हिंग, आलं-मिरची, कढीपत्त्याची फोडणीही शेवटीच.

आता खरं सांगायचं तर जास्त आंबट ताक लवकर फुटतं हे खोटं नाही, अशा वेळी अर्धा चमचा बेसन वाढवा. आणि हे आपल्या पातळ कढीचं झालं, पंजाबी पकोड्याच्या कढीत बेसन बरंच जास्त असतं, ती अर्धा-पाऊण तास उकळतात.

जाऊबाईंनी त्या दुसऱ्या दिवशीच्या कढीचे दोन वाडगे प्यायले. म्हणाल्या, आज ताक बरं मिळालं वाटतं.