शक्ती म्हणजे फोर्स की पॉवर?

प्रश्न: दहावी मराठी माध्यमातून झाली, आता सोलापुरात अकरावी सायन्सला आहे. पेपर इंग्रजीत. शक्ती, बल, कार्य यांचे इंग्रजी शब्द आणि चिन्हं यांत घोळ होतो. काय करू?

उत्तर: शब्दाला शब्द लावत बसू नका, राशीचं एकक बघा. न्यूटन असेल तर बल, म्हणजे फोर्स. ज्यूल असेल तर कार्य, म्हणजे वर्क. वॅट असेल तर शक्ती, म्हणजे पॉवर. बोलताना आपण ‘जोर’, ‘ताकद’, ‘शक्ती’ एकाच अर्थाने वापरतो, पेपरात ते चालत नाही.

घरची मोटर घ्या. 200 लिटर पाणी 6 मीटर उंच टाकीत 60 सेकंदांत चढलं. पाण्याचं वस्तुमान, म्हणजे मास, 200 kg. वजन, म्हणजे वेट, मात्र न्यूटनमध्ये: mg = 200 × 10 = 2000 N. (बाजारातलं ‘किलोचं वजन’ इथे विसरा.)

W = mgh = 2000 × 6 = 12000 J
P = W/t = 12000/60 = 200 W

आता खरी गोची. पहिल्या ओळीतला W म्हणजे वर्क, दुसऱ्या ओळीच्या शेवटचा W म्हणजे वॅट. आकड्यामागे आलेलं अक्षर एकक असतं. बरोबरच्या चिन्हाआधीचं अक्षर राशी. छापील पुस्तकात राशी तिरक्या अक्षरात आणि एकक सरळ असतं. m चंही तसंच: 6 m मधला मीटर, mgh मधला मास.

Kg लिहू नका, kg लिहा. मोठा K केल्व्हिनचा. उलट N, J, W मोठेच, कारण ती शास्त्रज्ञांच्या नावांवरून आली आहेत.