‘काही नाही’ म्हणणारा माणूस

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं वय पंचावन्न आहे. माणूस निर्व्यसनी, कष्टाळू. पण संसाराला तीस वर्षं झाली तरी मनातलं कधी बोलले नाहीत. काय झालं विचारलं की ‘काही नाही’. फार विचारलं तर उठून बाहेर जातात. या वयात माणूस बोलायला शिकतो का? मी काय करू?

उत्तर : ताई, शिकतो. पण ‘मन मोकळं करा हो’ असा आग्रह धरून नाही. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

दत्तात्रयराव कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत भट्टीवर सुपरवायझर होते. समुपदेशनासाठी ते आलेच नव्हते. छातीत दाटल्यासारखं व्हायचं म्हणून ईसीजी झाला, टू-डी इको झाला, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून आले आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “मला काही टेन्शन नाही. बायकोला वाटतं.”

त्यांच्या पत्नी मंगलताईंच्या मनात एक गोष्ट घट्ट रुतून बसली होती. मुलीची पाठवणी होत असताना हे केटररशी ताटांचा हिशेब करत होते. “पोरगी गाडीत बसली, तिची नजर बापाला शोधत होती, आणि हे पावत्या बघत होते,” हे सांगताना त्यांचा आवाज चढला. दत्तात्रयराव जमिनीकडे बघत राहिले.

त्यांना एकट्याला भेटले तेव्हा विचारलं, “त्या वेळी काय वाटत होतं?” ते म्हणाले, “काय वाटणार? हिशेब राहिला होता.” ते खोटं बोलत नव्हते किंवा लपवतही नव्हते. वर्षानुवर्षं भावना बाजूला सारणाऱ्या माणसाला आत काहीतरी हललेलं जाणवतं, पण ते काय आहे हे खरोखरच सांगता येत नाही. 1970 च्या दशकात बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफनिऑस यांनी याला ‘ॲलेक्सिथायमिया’ हे नाव दिलं. तो स्वतंत्र आजार नव्हे, कमी-जास्त प्रमाणात आढळणारा स्वभावाचा भाग आहे. अशा माणसाला ‘काय वाटतं?’ हे पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे न शिकवलेल्या धड्यावर परीक्षा घेणं. तो नापास होतो आणि पुढच्या वेळी पेपरालाच बसत नाही.

म्हणून मी प्रश्न बदलला. हिशेब करताना तुम्ही उभे होता की बसला होता? हात कुठे होते? तोंड कोरडं पडलं होतं का? याची उत्तरं त्यांच्याकडे होती. उभा होतो. पावती दोन्ही हातांत धरली होती. आकडे दिसत होते, पण बेरीज होत नव्हती. “जबडा दुखत होता,” ते म्हणाले, “दात आवळून धरले होते ना.” मग कितीतरी वेळ थांबून, “तिथं गेलो असतो तर सगळ्यांसमोर बांध फुटला असता.”

वडील गेले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. मागे दोन बहिणी. स्मशानातून परतताना चुलत्यांनी खांद्यावर हात ठेवून ‘आता तू रडायचं नाहीस’ म्हटलं होतं. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं, मी त्यावर फार खोदलं नाही. सुरुवातीलाच जुनी जखम उघडली तर असा माणूस पुन्हा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्यांना एक साधी वही दिली. रोज रात्री एकच प्रसंग लिहायचा : काय घडलं, शरीरात कुठे काय झालं, आणि 0 ते 10 मध्ये किती. भावनेचं नाव सध्या लिहायचं नाही. लॉगशीट भरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे जमलं. ‘माल रिजेक्ट झाला. मानेत ताण. 6.’ ‘मुलीचा फोन आला नाही. पोटात खड्डा. 7.’ दोन आठवड्यांनी त्याच नोंदींसमोर शब्द ठेवायला घेतले. आधी प्रत्येक ठिकाणी ‘चिडचिड’ हाच शब्द यायचा. मग मानेतला ताण आणि पोटातला खड्डा एकच नाहीत हे त्यांचं त्यांनाच दिसलं. पहिल्यात अपमान होता, दुसऱ्यात काळजी.

घरी बोलायचा नियमही ठरवला. समोरासमोर बसून नाही, जेवणानंतर चालताना. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून बोलणं सोपं जातं. वहीतली एकच नोंद सांगायची आणि दहा मिनिटांत विषय संपवायचा. मंगलताईंनी फक्त ‘हं’ किंवा ‘मग?’ म्हणायचं.

हे त्यांना फार जड गेलं. एकदा चालता चालता ते म्हणाले, “रिटायर झाल्यावर माझं काय, याची भीती वाटते.” मंगलताई पटकन बोलून गेल्या, “अहो, त्यात काय घाबरायचं? मुलगा आहे की!” त्यांचा हेतू धीर देण्याचाच होता. पण दत्तात्रयरावांच्या कानाला ‘तुमची भीती चुकीची आहे’ असं ऐकू गेलं. पुढचे कित्येक दिवस वही कोरी राहिली. ताई, पहिल्यांदा बोलणारा माणूस आपलं वाक्य कुठे पडतं हेच बघत असतो. तेव्हा तोडगा नको, धीर नको, आणि ‘मग इतकी वर्षं का नाही बोललात?’ हे तर मुळीच नको. तुमची ती तक्रार खरी आहे, तिलाही जागा मिळायला हवी. मंगलताईंसाठी आम्ही वेगळी भेट ठेवली, तिथं त्या मनसोक्त रडल्या आणि भांडल्याही.

उठून बाहेर जाण्याचंही ऐका. दांपत्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांना आढळलं, की वादात नाडीचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरचं बोलणं डोक्यात शिरत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात. तेव्हा बाहेर जाणं चुकीचं नाही, न सांगता जाणं चुकीचं. दत्तात्रयराव आता सांगून जातात, “अर्ध्या तासानं येतो, मग बोलू.” आणि येतात. येणं महत्त्वाचं, नाहीतर मागे राहिलेल्याला तो अबोलाच वाटतो.

पाठवणीची गोष्ट मुलीला सांगायला त्यांना बरेच महिने लागले. फोनवर जमेना, म्हणून तिच्या घरी गेले आणि तिला बसस्टॉपपर्यंत सोबत चालायला लावलं. “मी पावत्या बघत नव्हतो गं, तुझ्याकडे बघायची ताकद नव्हती,” एवढंच बोलले. छातीतलं दाटणं अधूनमधून अजून होतं, पण आता ते कशावरून आलं हे बहुतेक वेळा सांगता येतं. गप्पिष्ट मात्र ते झालेले नाहीत. मंगलताईंना अजूनही कमीच वाटतं, आणि तसं वाटणंही रास्त आहे.

एक गोष्ट आधी तपासा. तुमच्या मिस्टरांचं गप्प राहणं जन्माचं आहे की अलीकडे वाढलंय? झोप, भूक उडाली असेल, आवडीच्या गोष्टी सुटल्या असतील, दारू सुरू झाली असेल किंवा ‘माझ्यावाचून काय अडणार’ अशी भाषा येत असेल, तर वही-चालणं यात वेळ घालवू नका. ते नैराश्य असू शकतं, मनोविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

तसं काही नसेल आणि ते यायला तयार नसतील, तर पहिल्या भेटीला तुम्ही एकट्याच या. ‘हं’ आणि ‘मग?’ चा सराव तुमच्यापासूनच सुरू करता येतो.