बॉस कोण ते रजेच्या अर्जावर कळतं

प्रश्न: मला दोन महिन्यांपूर्वी प्रोजेक्ट मॅनेजर केलं, पण टीममधलं कोणी ऐकतच नाही, सगळे "एचओडीला विचारून सांगतो" म्हणतात. फंक्शनल, मॅट्रिक्स, प्रोजेक्टाइज्ड हे प्रकार वाचले पण डोक्यावरून गेले. माझं काही चुकतंय का?

चूक तुमची नाही, निदान सगळी तरी नाही. "एचओडीला विचारून सांगतो" या एका वाक्यावरूनच कळतंय की तुमची कंपनी फंक्शनल आहे, फार तर वीक मॅट्रिक्स. अशा ठिकाणी कार्डावर मॅनेजर छापलेलं असलं तरी काम को-ऑर्डिनेटरचं असतं.

ऑर्ग चार्ट बघत बसू नका, त्यात सगळे बाण छान दिसतात. तीन सह्या बघा. तुमच्या टीममधल्या माणसाची रजा कोण मंजूर करतं, त्याचं अप्रेझल कोण लिहितं, आणि प्रोजेक्टसाठी काही विकत घ्यायचं असेल तर पीआर, म्हणजे खरेदीची मागणी, कोण रिलीज करतं. तिन्ही सह्या एचओडीच्या असतील तर फंक्शनल, तिन्ही तुमच्या असतील तर प्रोजेक्टाइज्ड, आणि वाटल्या गेल्या असतील तर मॅट्रिक्स. पुस्तकात याचा मोठा तक्ता असतो पण रोजच्या कामाला एवढं पुरतं.

मी चाकणला एका प्लास्टिक पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होतो, तिथे हे अंगावर आलं. नव्या गाडीसाठी एक कव्हर डेव्हलप करायचं होतं आणि मी पीएम. टूलची, म्हणजे पार्टच्या साच्याची, पहिली ट्रायल झाली आणि पार्ट एका कोपऱ्यात जवळपास सव्वा मिलिमीटर वाकलेला निघाला, म्हणजे कूलिंग लाईन बदलायला लागणार, म्हणजे टूल डिझायनर हवा. काम तीन दिवसांचं. मी डिझायनरकडे गेलो तर तो म्हणाला, "सर, मला काय, मी आत्ता बसतो, पण साहेबांनी कंप्लेंटवालं टूल दिलंय आधी." साहेब म्हणजे डिझाइनचे एचओडी. त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू." तीन दिवसांचं ते काम शेवटी बाराव्या दिवशी सुरू झालं आणि कस्टमरच्या रिव्ह्यूत उभा राहून शिव्या मी खाल्ल्या.

तेव्हा साहेबांचा खूप राग आला होता, पण आता कळतं की त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. त्यांच्या केआरएमध्ये कस्टमर कंप्लेंट होत्या, माझ्या प्रोजेक्टची तारीख कुठेच नव्हती. आणि फंक्शनल रचनेचा फायदाही तिथेच बघितला, कारण सगळे डिझायनर एका खोलीत बसायचे, एकाने केलेली चूक दुसऱ्याला माहीत असायची, आणि प्रोजेक्ट संपला तरी कोणाला नोकरीची चिंता नसायची. फक्त प्रोजेक्ट पाच डिपार्टमेंटमधून फिरणारा असेल तर प्रत्येक दारात फाईल थांबते, आणि ती पुढे सरकवायला पीएमकडे ओळख आणि गोड बोलणं यापलीकडे काही नसतं.

नंतर मॅनेजमेंटने वेगळा प्रोग्रॅम विभाग काढला आणि आम्ही मॅट्रिक्स झालो. कागदावर तोच डिझायनर आता पन्नास टक्के माझा. मी खूष! महिनाभराने कळलं की आम्हा तीन पीएमना प्रत्येकी पन्नास टक्के दिलाय, म्हणजे एका माणसाचे दीडशे टक्के झाले आणि त्यात एचओडीचं रोजचं काम धरलेलंच नाही. मॅट्रिक्समधलं सगळ्यात नेहमीचं दुखणं हेच, आणि ते ओळखायचं कसं तर माणूस तिन्ही मीटिंगला हजर असतो, तिन्ही ठिकाणी हो म्हणतो आणि शेवटी जो सगळ्यात जोरात ओरडतो त्याचं काम होतं. मग मी टक्के मागणं सोडलं आणि वार मागायला लागलो. मंगळवार-बुधवार हा डिझायनर माझ्या प्रोजेक्टवर, नावासकट, एचओडीच्या मेलवर. टक्के कोणाला दिसत नाहीत पण मंगळवारी माणूस दुसऱ्याच टूलवर बसलेला दिसला की लगेच बोलता येतं.

वीक, बॅलन्स्ड, स्ट्राँग हा फरकही याच तीन सह्यांचा आहे. वीकमध्ये तुम्ही फक्त फॉलोअप करता. बॅलन्स्डमध्ये बजेट तुम्ही आणि एचओडी मिळून सांभाळता, आणि खरं सांगायचं तर भांडणं सगळ्यात जास्त इथेच होतात कारण शेवटचा शब्द कोणाचा ते लिहिलेलंच नसतं. स्ट्राँगमध्ये पीएम पूर्णवेळ पीएमच असतो, बजेट त्याच्याकडे येतं, माणूस कसा आणि कोणत्या पद्धतीने काम करेल ते एचओडी ठरवतो पण काय आणि कधी हे पीएम. आमच्याकडे खरा बदल अप्रेझलमध्ये तीस टक्के मार्क पीएमकडे आले तेव्हा झाला, पीआर रिलीजचा अधिकार त्याच्या नंतर मिळाला. तोच डिझायनर त्यानंतर स्वतःहून फोन करायला लागला, माणूस तोच, मी पण तोच!

प्रोजेक्टाइज्ड म्हणजे प्रोजेक्ट हीच कंपनी. आपल्याकडचं मोठं उदाहरण कोकण रेल्वेचं. रेल्वेच्या नेहमीच्या झोनमध्ये ते काम न घालता १९९० मध्ये वेगळं कॉर्पोरेशन काढलं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते, आणि १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. रेल्वेतून बरेच लोक तिथे डेप्युटेशनवर आले, म्हणजे काम संपल्यावर परत जायला घर होतं, हा मुद्दा लक्षात ठेवा.

कारण मी पुढे एका पाणीपुरवठ्याच्या साईटवर दोन वर्षं होतो आणि तिथे ते घर नव्हतं. अधिकार म्हणाल तर पीएम म्हणजे साईटचा राजा, रजा त्याच्याकडे, साईटची कॅश त्याच्याकडे, जेसीबी संध्याकाळपर्यंत हवा तर एका फोनवर हजर. पण पंप येईपर्यंत आमचा इलेक्ट्रिकल कमिशनिंगवाला दीड महिना नुसता बसून पगार घेत होता, कारण तो "आमचा" होता आणि दुसऱ्या साईटला द्यायला आमचे साहेब तयार नव्हते. आणि काम नव्वद टक्क्यांवर आल्यावर चांगली माणसं दुसरीकडे इंटरव्ह्यू द्यायला लागली, साहजिकच आहे, पुढचं पोस्टिंग कोणी सांगेना. शेवटची पंच लिस्ट, म्हणजे उरलेल्या बारीकसारीक कामांची यादी, चार नवख्या पोरांनी ओढली. तिथे अधिकार भरपूर होता पण माणसं टिकवायला तो उपयोगी पडला नाही.

आता तुमचं. रचना बदलणं तुमच्या हातात नाही, तेव्हा आधी या तीन सह्या कोणाच्या आहेत ते बघून घ्या आणि मग त्यातली एक मागा. पैशाची सही पहिल्या फटक्यात कोणी देत नाही, अप्रेझलमध्ये लेखी फीडबॅक देण्याची मुभा मात्र बऱ्याचदा मिळते. प्रोजेक्ट चार्टर, म्हणजे प्रोजेक्टला मंजुरी देणारा सुरुवातीचा कागद, असेल तर त्यात माणसांची नावं, दिवस आणि वाद झाल्यास निर्णय कोणाचा हे लिहून त्यावर स्पॉन्सरबरोबर त्या एचओडीचीही सही घ्या, नुसत्या स्पॉन्सरच्या सहीवर तो "मला कोणी विचारलंच नाही" म्हणून मोकळा होतो. आणि प्लॅन बनवताना तीन दिवसांच्या कामाला तीन दिवस धरू नका, माणूस मिळायला तुमच्याकडे किती दिवस लागतात ते जुन्या दोन प्रोजेक्टच्या मेलमध्ये तारखा बघून काढा, मी ते काढलं तेव्हा आमच्याकडे सरासरी आठ दिवस निघाले होते.