संथ, सावकाश आणि रखडलेलं

प्रश्न : नेरुळच्या आमच्या सोसायटीच्या अहवालात मी ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम संथ गतीने चालू आहे’ असं लिहिलं. ठेकेदाराला ते लागलं. घाई न करता काम होतंय, एवढंच मला म्हणायचं होतं. मग कोणता शब्द वापरायला हवा होता?

उत्तर : ठेकेदाराला लागणारच. ‘संथ’ हा शब्द वाईट नाही. नदीचं पाणी संथ असतं, गाण्याची लय संथ असते, तिथे तो कानाला गोडच वाटतो. पण काम, तपास, कारभार यांच्यामागे ‘संथ गतीने’ आलं की ती तक्रार होते. पाण्याकडून आपल्याला घाईची अपेक्षा नसते, कामाकडून असते. ‘विलंबित’चंही तसंच. विलंबित ख्याल ऐकायला आपण ठाण्यात गडकरी रंगायतनला मुद्दाम जाऊ, पण वीजबिलावरचा विलंब आकार कोणालाच नको असतो.

तुम्हाला हवा आहे तो अर्थ ‘सावकाश’मध्ये आहे. वेग कमी ठेवायचं करणाऱ्याने स्वतः ठरवलं आहे, त्याला तशी सवड आहे, हे त्यातून कळतं. म्हणून पंगतीत यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात. तिथे ‘संथपणे होऊ द्या’ कोणी म्हणणार नाही. मात्र एक जपा. ‘सावकाश या’ हे अगत्य आहे, पण ‘अकरा वाजता सावकाश आले’ हा टोमणा आहे. आज्ञार्थात किंवा आपल्या स्वतःबद्दल हा शब्द प्रेमळ राहतो, दुसऱ्याच्या झालेल्या कृतीबद्दल वापरला की बोचतो. तुमच्या अहवालात म्हणूनच नुसतं ‘सावकाश’ही धोक्याचं आहे.

‘हळूहळू’ला ना स्तुती ना निंदा. थोडं थोडं करून बदल होतोय, एवढंच तो सांगतो. गिलावा हळूहळू सुकतो, ओल हळूहळू चढते. इथे कोणी काही ठरवलेलं नसतं.

‘रेंगाळणे’ मला फार आवडतं. फाइल रेंगाळली तर चीड येते आणि आमरसाची चव जिभेवर रेंगाळली तर सुख वाटतं. जे लवकर सरावं असं वाटतं ते रेंगाळलं की दोष, जे सरू नये असं वाटतं ते रेंगाळलं की कौतुक. ‘रखडणे’ला मात्र अशी दुसरी बाजू नाही. माणसाला ‘चेंगट’ म्हणणं तर थेट स्वभावावर घाव घालणं आहे, ते अहवालात कधीच नको.

मी असतो तर विशेषण टाळून कारणच लिहिलं असतं : ‘गच्चीचं काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. सिमेंटच्या थराला सात दिवस पाणी मारावं लागतं, त्यामुळे पुढचा थर त्यानंतरच घातला जाईल.’ ‘टप्प्याटप्प्याने’ म्हटलं की कामाला आखणी आहे हे दिसतं. आणि सात दिवस उलटूनही गच्चीवर कोणी फिरकलं नाही, तर मग बेलाशक ‘रखडलं आहे’ लिहा, शेजारी तारीखही टाका.