एकच दुभाषी वर्णन की प्रत्येक भाषेचं वेगळं शीर्षक?

"मालवणी रांधपाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. बघणारे इकडचे, मुंबईतले चाकरमानी आणि थोडे हिंदीवाले पर्यटक. वर्णन मराठी-इंग्रजी एकत्र लिहू, की भाषांतराच्या सोयीतून वेगळी शीर्षकं देऊ?"

दादा, हिंदी शीर्षक वेगळं द्या, इंग्रजी मात्र घाईने देऊ नका. भाषांतरित शीर्षक कोणाला दिसणार हे मुख्यतः बघणाऱ्याच्या अ‍ॅपच्या भाषेवरून ठरतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी लोकांचा फोन इंग्रजीत असतो. तुम्ही परदेशी माणसासाठी 'Spicy Clam Fry' लिहिलंत, की परळच्या तुमच्या मावशीलाही तेच दिसणार. तिला हव्यात तिसऱ्या. ती ते वाचून पुढे सरकेल.

माझं हेच झालं होतं. इंग्रजी शीर्षकं घातल्यावर नेहमीची गाववाली मंडळी विचारू लागली, "मराठी सोडलंस काय रे?" तेव्हा मी मूळ शीर्षक असं केलं:

```
तिसऱ्यांचं सुकं | Tisrya Sukka
```

इंग्रजी भाषांतर काढून टाकलं. रोमन नाव ठेवलं, कारण बरेच मराठी लोकही शोधताना रोमनमध्येच टाइप करतात. तुमचे लोक काय टाइप करतात ते ॲनालिटिक्समध्ये यूट्यूब सर्चखालच्या शब्दांत दिसेल. आधी ते बघा. शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, आणि फोनवर त्याच्या बऱ्याच आधी ते कापलं जातं. म्हणून तीन भाषा एका ओळीत कोंबू नका.

हिंदीसाठी आधी स्टुडिओत व्हिडिओच्या तपशिलात शीर्षक-वर्णनाची भाषा मराठी निवडा. मग `Languages` मध्ये हिंदी जोडून `Title & description` खाली मजकूर भरा. तिथे 'तिसऱ्या' शब्द पुसू नका, 'मालवणी तिसऱ्या (सीपी) की सूखी सब्ज़ी' असं लिहा. पर्यटक तारकर्लीत आल्यावर मेनूत तोच शब्द वाचणार आहे.

वर्णनाचं गणित वेगळं आहे. ते उघडल्याशिवाय वरच्या ओळींपलीकडे दिसत नाही, म्हणून मूळ वर्णन दुभाषी चालतं: वर मराठी, खाली इंग्रजीत साहित्य. वेळेचे टप्पे मात्र एकदाच द्या, दोनदा दिले तर ते क्रमाने राहत नाहीत आणि चॅप्टर बिघडतात. हिंदीचं वर्णन स्वतंत्र साठवलेलं असतं, त्यामुळे मूळ वर्णनात केलेला बदल तिकडे आपोआप जात नाही. मी घरगुती खोल्यांचा फोन नंबर बदलला तो फक्त मराठीत. हिंदी वर्णनात जुनाच राहिला होता, आणि गणपतीनंतर एका पाहुण्याने सांगितलं तेव्हा कळलं. तेव्हापासून हिंदीत शीर्षक नीट लिहितो आणि वर्णन चार ओळींचं ठेवतो. नंबर दोन्हीकडे असल्याची वहीत नोंद आहे.

सगळं झालं की प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून `Language` हिंदी करा, मग इंग्रजी, आणि व्हिडिओ दोनदा उघडून बघा. इंग्रजीत मूळ मराठी शीर्षक दिसलं तर बरोबर जमलं.